विहिरीत टीसीएल टाकायचं किती? पाणी मोजण्यापासून ओटी टेस्टपर्यंत, एकेक पायरी

पावसाळा लागला की आमच्याकडे तापी-पांझरा पट्ट्यात दर दुसऱ्या घरी पाण्याचा विषय निघतो, आणि विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकली का विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "हो ना, टाकी दिधी दोन ओंजळ." दोन ओंजळ म्हणजे किती ग्रॅम, विहिरीत पाणी किती, पावडर ताजी की मागच्या वर्षीची, काही माहीत नसतं. माझ्या काकांच्या मळ्यातल्या विहिरीवर मी हे स्वतः पाहिलंय. भर दुपारी कोरडी पावडर वरून उधळली, ती गठुळ्या होऊन खाली बसली, संध्याकाळी बादलीभर पाणी काढून ओटी केली, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पिवळ्या रंगावरून दाखवणारी टेस्ट, तर पिवळा रंगच नाही. दुसऱ्या दिवशी मोटर लावली तेव्हा बुडातलं पाणी आलं ते इतकं उग्र की पोरांनी तोंडात घेऊन थुंकलं, आणि त्यानंतर आठ दिवस घरात कोणी त्या विहिरीचं पाणी प्यायला तयार नव्हतं. पावडर कमी नव्हती, चुकीच्या जागी गेली होती.

म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. साध्या गोल विहिरीचं एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो, टाकीचं नंतर थोडक्यात सांगतो.

## आधी हे जमवा

लांब सुतळी किंवा नाडा आणि त्याला बांधायला दगड, मोजपट्टी, चार प्लास्टिकच्या बादल्या, ढवळायला लाकडी दांडा, एक लिटरची रिकामी बाटली, मेडिकलवर मिळणारी १० मिलीची सिरिंज (सुई काढून), किराणावाल्याचा किंवा सोनाराचा ग्रॅम दाखवणारा काटा, आणि ओटीचं द्रावण त्याच्या रंगाच्या पट्टीसकट. ओटी आणि पट्टी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते, नाहीतर आरोग्य केंद्रात विचारा. हातमोजे आणि तोंडाला रुमाल पाहिजेच.

सावधान: फवारणीची बादली, युरिया मोजायचं भांडं, डिझेलचा डबा, यातलं काहीही पावडरीसाठी वापरू नका, नुसतं विसळून घेतलेलं पण नको. ब्लिचिंग पावडर खताशी, तेलाशी किंवा ॲसिडशी मिसळली तर विषारी वायू निघतो, पेट घेऊ शकते. आपल्याकडे खताच्या गोण्या आणि टीसीएलची पिशवी एकाच खोलीत, कधीकधी एकावर एक असतात, ते आजच वेगळं करा.

## पायरी १: विहिरीतलं पाणी मोजा, विहीर नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. माणूस सांगतो, "विहीर चाळीस फूट आहे," आणि हिशोब चाळीसवर करतो. आपल्याला विहिरीची खोली नकोय, आज तिच्यात उभं असलेलं पाणी पाहिजे.

दगड बांधलेली सुतळी खाली सोडा, दगड बुडाला टेकला की सुतळी ढिली पडते ते हाताला कळतं. मग ढिलावा ओढून सुतळी ताठ करा आणि सरळ वर काढा. जेवढी सुतळी ओली तेवढं पाणी. ओला भाग लगेच मोजा, उन्हात दोन मिनिटात वाळतो. दोन-तीन जागी सोडून बघा कारण बुडात गाळाचा ढीग किंवा खडकाचा टप्पा असला की एका जागी कमी दाखवतं.

आता व्यास. मोजपट्टी कठड्याच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत धरा. बाहेरून मोजलं तर दोन्ही बाजूच्या भिंती त्यात येतात, दीड-दीड फुटाचा कठडा असेल तर १६ फुटाची विहीर १९ ची होते, आणि व्यासाचा वर्ग होत असल्यामुळे पाणी चाळीस टक्के जास्त दिसतं. तोंड एकदम गोल नसेल तर आडवा-उभा असे दोन व्यास घेऊन सरासरी काढा. आणखी एक, आपल्या बऱ्याच विहिरी वर बांधीव आणि खाली खडकात फोडलेल्या असतात, खाली त्या अरुंद होतात. व्यास पाण्याच्या पातळीवरचा पाहिजे, तोंडाचा नको. तिथे पट्टी लावता येत नसेल तर विहीर खोदताना हजर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं.

माप फुटात असेल तर हिशोब असा:

व्यास × व्यास × पाण्याची उंची × २२ = लिटर

हा २२ आकाशातून पडलेला नाही. गोल तळाचं क्षेत्रफळ काढायला व्यासाच्या वर्गाला ०.७८५ ने गुणतात, आणि एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावतं, दोन्हीचा गुणाकार २२ च्या जरा वर जातो. मीटरमध्ये मोजलं असेल तर २२ च्या जागी ७८५ घ्या. चौकोनी बारव असेल तर लांबी × रुंदी × उंची × २८.

आपलं उदाहरण: आतला व्यास १६ फूट, ओली सुतळी ११ फूट.
१६ × १६ = २५६, गुणिले ११ = २८१६, गुणिले २२ = ६१,९५२. म्हणजे अंदाजे ६२ हजार लिटर.

हाच हिशोब विहिरीच्या ४० फुटावर केला असता तर सव्वादोन लाख लिटर आले असते, आणि पावडर साडेतीन पटीपेक्षा जास्त पडली असती.

तपासा: माप किती दिवसांपूर्वीचं आहे? पावसाळ्यात चार दिवसात पाणी पाच-सहा फूट चढतं, उन्हाळ्यात मोटर चालली की एका रात्रीत उतरतं. जुनं माप घेऊन पावडर टाकू नका. व्यास एकदाच मोजून कठड्यावर ऑईलपेंटने लिहून ठेवा, सुतळी मात्र दर वेळी सोडा.

## पायरी २: तुमच्या पावडरीचं आणि तुमच्या पाण्याचं गणित एकाच वेळी काढा

आपल्याकडे हजार लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. ते सुरुवात म्हणून ठीक आहे, पण ते चांगल्या पावडरीसाठी आणि स्वच्छ पाण्यासाठी आहे. ताज्या पावडरीत वापरता येईल असा क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, पिशवी उघडी राहिली, दमट हवा लागली की तो उडत जातो, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पिण्याच्या पाण्याला वापरू नये. दुसरीकडे पाणी पण क्लोरीन खातं. गाळ, सडलेला पाला, शेवाळ, वाहून आलेलं शेण, हे सगळं आधी क्लोरीन गिळून टाकतं आणि जंतू मारायला जे उरतं तेच कामाचं. एप्रिलमध्ये ५ ग्रॅमवर भागणारी विहीर आषाढात १५ ग्रॅम पण मागू शकते.

आरोग्य केंद्रात हॉरॉक्सची पेटी असते, एक काळा कप आणि सहा पांढरे कप असलेली, ती यासाठीच. मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर तेच काम बादल्यांवर होतं, मी असंच करतो.

पावडर बरोबर १० ग्रॅम तोला. आधी वाटीत चमचाभर पाणी घालून तिची लापशी करा, मग एक लिटरच्या बाटलीत घालून बाटली पाण्याने भरा, हलवा आणि दहा मिनिटं ठेवून द्या. चुना खाली बसतो, वरचं नितळ पाणी कामाचं.

आता चार बादल्यांत विहिरीचं प्रत्येकी २० लिटर पाणी घ्या. बादलीवर २० लिटर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, थंड पाण्याचा जार येतो तो २० लिटरचा असतो, त्याने मोजा. पहिल्या बादलीत सिरिंजने १० मिली नितळ द्रावण, दुसरीत २०, तिसरीत ३०, चौथीत ४०. प्रत्येक ढवळा, झाकून सावलीत ठेवा, आणि घड्याळ लावून अर्धा तास थांबा. मग प्रत्येक बादलीतून नमुना घेऊन ओटी करा.

२० लिटरला १० मिली म्हणजेच हजार लिटरला ५ ग्रॅम. २० मिली म्हणजे १० ग्रॅम, ३० म्हणजे १५, ४० म्हणजे २०. ज्या बादलीत पट्टीवर ०.५ चा पिवळा पहिल्यांदा स्वच्छ दिसतो तो तुमचा डोस. टक्केवारी काढायची गरजच उरत नाही कारण तुमचीच पावडर आणि तुमचंच पाणी एकमेकांवर तपासलं गेलं.

आमच्या १६ फुटी विहिरीवर पहिल्या मोठ्या पावसानंतर हे केलं तेव्हा पहिली बादली पांढरीच राहिली, म्हणजे सगळे टाकतात त्या ५ ग्रॅमवर अर्ध्या तासानंतर पाण्यात काहीच उरलं नव्हतं. दुसरी बादली पिवळी झाली. म्हणजे डोस हजार लिटरला १० ग्रॅम.

६२ × १० = ६२० ग्रॅम.

चौथी बादली पण पांढरी राहिली तर? पावडर वाढवत बसू नका, आधी दोष कोणाचा ते काढा. जारचं विकतचं पाणी २० लिटर घ्या, त्यात तेच द्रावण १० मिली टाका, अर्ध्या तासाने ओटी करा. इथे पिवळं झालं तर पावडर चांगली आहे आणि विहिरीचं पाणी घाण आहे, विहीर उपसून गाळ काढल्याशिवाय उपयोग नाही. इथेही पांढरं राहिलं तर पावडर मेलेली आहे, ती फरशी धुवायला घ्या.

पाणी लालसर गढूळ असेल, पेल्यात धरून पलीकडचं बोट दिसत नसेल, तर ही टेस्ट करण्यात पण अर्थ नाही. गाळाच्या कणाआड जंतू लपतात आणि तिथपर्यंत क्लोरीन पोचत नाही. एक-दोन दिवस निवळू द्या, तोवर प्यायला दुसरीकडचं पाणी आणा किंवा उकळून घ्या.

## पायरी ३: वेळ ठरवा

संध्याकाळी, सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर. ऊन क्लोरीन उडवतं आणि उघड्या विहिरीवर दुपारचं ऊन सरळ पाण्यावर पडतं. दुसरं असं की रात्रभर कोणी पाणी काढत नाही, त्यामुळे क्लोरीनला पूर्ण वेळ मिळतो. कमीत कमी एक तास तरी पाणी काढायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आणि पाणी न्यायला येणाऱ्या शेजाऱ्यांना आधी सांगा.

शेतीची लाईट रात्रीची असेल आणि मोटर ऑटोवर असेल तर स्टार्टरचा ऑटो बंद करा. हे विसरलं की रात्री दोनला लाईट येते आणि तुमची सगळी पावडर केळीच्या ठिबकमध्ये जाते.

## पायरी ४: द्रावण करा, चुना विहिरीत जाऊ देऊ नका

६२० ग्रॅम एकाच बादलीत कालवू नका. एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेतली की ती नीट विरघळत नाही, गोळे राहतात, आणि क्लोरीन त्या गोळ्यांत अडकून चुन्याबरोबर फेकला जातो. म्हणजे आपल्याला सात बादल्या लागतील, सहा १०० ग्रॅमच्या आणि शेवटची २० ची.

बादलीत आधी पावडर, मग थोडंसं पाणी घालून दांड्याने इडलीच्या पिठासारखी पातळ लापशी करा, एकही गुठळी नको. मग पाऊण बादली पाणी घाला, जोरात ढवळा आणि पाच-दहा मिनिटं हात लावू नका. पांढरा चुना खाली बसेल. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत हळूच ओता, बुडाला चुना दिसायला लागला की थांबा.

उरलेल्या चुन्यात पण थोडा क्लोरीन असतो, म्हणून पुढच्या १०० ग्रॅमची लापशी त्याच चुन्यावर न करता, आधी त्यात तांब्याभर पाणी घालून परत ढवळा, निवळू द्या आणि ते पाणी पण घ्या. मग चुना विहिरीपासून लांब खड्ड्यात टाका. विहिरीत टाकला तर पाणी आणखी जड होतं, आणि आपल्याकडे काळ्या खडकाचं पाणी आधीच इतकं जड आहे की डाळ शिजत नाही.

सावधान: हे वाऱ्याकडे पाठ करून, उघड्यावर करा. विहिरीत कोणी उतरलेलं असताना तर अजिबात नको, क्लोरीनचा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली जाऊन साचतो.

## पायरी ५: विहिरीत मिसळा

नुसतं वरून ओतलं तर ते बरंचसं वरच्या थरात राहतं, कारण वरचं पाणी कोमट आणि खालचं गार असतं, आपोआप मिसळत नाही. द्रावणाची बादली दोराने पाण्याखाली पाच-सहा फुटापर्यंत न्या, मग वरखाली आणि आडवी जोरात हलवा. पुढची बादली दुसऱ्या बाजूला. सात बादल्या विहिरीच्या सगळ्या बाजूंनी फिरल्या पाहिजेत.

मोटर असेल तर याहून सोपा मार्ग आहे. द्रावण टाकून झाल्यावर मोटरची नळी परत विहिरीतच सोडा आणि वीस-पंचवीस मिनिटं चालवा. मोटर बुडातलं पाणी ओढते आणि वर सोडते, सगळं पाणी एकमेकांत फिरतं, शिवाय पाईपमधलं पाणी पण शुद्ध होतं. काकांच्या विहिरीत आता आम्ही हेच करतो. नळी खडकावर आपटून गाळ उठणार नाही अशी मधोमध सोडा, आणि काम झालं की मोटर बंद करून स्टार्टर ऑफ.

## पायरी ६: ओटी करा, आणि बरोबर करा

कमीत कमी एक तासाने, शक्यतो सकाळी पहिलं पाणी काढायच्या आधी. स्वच्छ काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, बाटलीवर लिहिलंय तेवढे थेंब टाका, आणि दहा-पंधरा सेकंदातच रंग बघा. लोक नळी ठेवून चहा पिऊन येतात आणि मग म्हणतात पिवळं झालं. उशिरा चढणारा पिवळा हा घाणीला चिकटलेल्या क्लोरीनचा असतो, तो जंतू मारायला फार कमजोर. मोकळा क्लोरीन लगेच रंग देतो.

०.५ चा फिका पिवळा आला तर पाणी वापरा. काहीच आलं नाही तर परत अर्धा डोस, म्हणजे आपल्या उदाहरणात ३१० ग्रॅम, त्याच पद्धतीने टाका आणि परत एक तास. गडद पिवळा किंवा नारिंगी आला तर डोस जास्त झालाय, पाणी फेकू नका, दिवसभर वापर थांबवून विहीर उघडी ठेवा, ऊन लागून उतरेल, उतरल्याची ओटी करूनच प्या. नमुना कोणी पिऊ नये, ओटीचं औषध विषारी आहे, नळी धुतलेलं पाणी पण गटारीत.

नुसत्या वासावर जाऊ नका. काही जणांना ०.२ ला वास येतो, काहींना १ ला पण येत नाही.

## टाकीचं काय वेगळं

हिशोब तोच. घरची सिमेंटची टाकी ६ फूट लांब, ५ रुंद आणि पाणी ४ फूट: १२० × २८ = ३,३६० लिटर, ५ ग्रॅमच्या हिशोबाने १७ ग्रॅम. १७ ग्रॅम चमच्याने मोजता येत नाही, एकदा काट्यावर तोला आणि तो ढीग किती दिसतो ते लक्षात ठेवा. काळ्या टाकीवर १००० लिहिलेलं असतं ते पूर्ण भरली तरचं, अर्धी असेल तर ५०० धरा.

गावच्या उंच टाकीत पावडर भरल्यानंतर टाकू नका, तिथे ढवळायला कोणी चढत नाही. टाकी तिसरा हिस्सा भरली की नितळ द्रावण टाका, पुढचं पाणी वरून पडताना आपोआप मिसळतं. पण डोस पूर्ण टाकीच्या लिटरवर काढायचा, त्या तिसऱ्या हिश्श्यावर नाही. आणि ओटी टाकीखाली करून समाधान मानू नका, गावाच्या शेवटच्या नळाला करा, तिथे ०.२ तरी मिळालं पाहिजे. टाकीजवळ चांगलं आणि शेवटी शून्य येत असेल तर मधे कुठेतरी पाईप गटारीजवळ फुटलाय का ते बघा.

घरी नळाचं पाणी येत असेल तर आधी ओटी करा. पिवळं आलं तर पंचायतीने टाकलेलं आहे, वरून आणखी टाकायची गरज नाही.

टाकी घासून धुतल्यावरचा डोस वेगळा असतो. तेव्हा हजार लिटरला २०० ग्रॅम टाकून टाकी भरून ठेवतात, १२ ते २४ तास, आणि ते पाणी सगळं सोडून देतात. ते प्यायचं नाही, गुरांच्या हौदात नाही, झाडाला पण नाही. हा आकडा आणि रोजचा ५-१० ग्रॅमचा आकडा यात गोंधळ झालेला मी पाहिलाय, म्हणून ठळक लिहिलं.

## किती दिवसांनी परत

विहिरीला झरे असतात, आडवे बोअर मारलेले असतील तर पाणी रात्रंदिवस येत असतं, म्हणून काल टाकलेला क्लोरीन आज पातळ होतो. पावसाळ्यात पिण्याच्या विहिरीला रोज ओटी आणि ओटी शून्य आली की डोस. गावात हगवण-उलट्यांची साथ असेल तर रोज संध्याकाळी डोस, विचार न करता. पाऊस थांबून पाणी निवळलं की बादल्यांची टेस्ट परत करा, डोस उतरलेला असेल. पावडरीची नवी पिशवी उघडली तरी टेस्ट परत.

एक गोष्ट पावडरीने होत नाही ती पण सांगतो. खारं पाणी, फ्लोराइड, खताचं नायट्रेट, विहिरीच्या काठावर फवारणीचा पंप धुतल्याने उतरलेलं औषध, यातलं काहीही टीसीएलने जात नाही. ओटी पिवळी आली म्हणजे फक्त जंतूंचा बंदोबस्त झाला.

उरलेली पावडर प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवा. पत्र्याचा डबा महिन्यात गंजून सडतो. डब्यावर पिशवी फोडल्याची तारीख लिहा, आणि त्याखाली शेवटच्या टेस्टचा डोस, म्हणजे पुढच्या वेळी घरातलं दुसरं कोणी टाकायला गेलं तर ओंजळीने टाकणार नाही.